सरासरी ४ स्टार, तरी गिऱ्हाईक का तुटतंय? ऑर्डर्ड लॉजिट, दुकानदाराच्या भाषेत

सर्व्हेच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला, "सर, रेटिंग गोळा केलं, सरासरी काढली, आता पुढे काय?" व्हिडिओत मी ऑर्डर्ड लॉजिटचं नाव घेऊन पुढे गेलो होतो. आज ते नीट, आकड्यांसकट बघू.

आधी सरासरीची गंमत बघा. एका दुकानात दहाच्या दहा गिऱ्हाइकांनी ४ स्टार दिले, म्हणजे सरासरी ४. दुसऱ्या दुकानात सात जणांनी ५, दोघांनी २ आणि एकाने १ दिला. बेरीज ४०, सरासरी तीच ४. पण पहिल्या दुकानात कुणीच नाराज नाही आणि दुसऱ्यात दहातले तीन जण उद्या समोरच्या दुकानात जाणार. तुम्हाला हे तीन जण शोधायचे आहेत आणि सरासरी नेमके तेच लपवते.

दुसरी अडचण अशी की १, २, ३, ४, ५ हे वजनकाट्यावरचे आकडे नाहीत. २ किलो आणि ३ किलो यातला फरक ४ आणि ५ किलोइतकाच असतो. पण २ स्टारवरून ३ वर येणं आणि ४ वरून ५ वर जाणं सारखं असेलच असं नाही. क्रम पक्का आहे, अंतर माहीत नाही. अशा डेटासाठीच ऑर्डर्ड लॉजिट आहे.

कटऑफ म्हणजे काय?

दहावीचा निकाल आठवा. ३५ च्या खाली नापास, ३५ ला पास, ४५ ला सेकंड क्लास, ६० ला फर्स्ट क्लास, ७५ ला डिस्टिंक्शन. म्हणजे पाच वर्ग आणि त्यांच्यामध्ये चार रेषा. रेषांमधली अंतरं सारखी नाहीत, एक वर्ग १० मार्कांचा तर दुसरा १५ चा. आता समजा, मार्कशीट हरवली आणि फक्त क्लास माहीत आहे.

गिऱ्हाइकाचं समाधान असंच असतं. त्याच्या मनात कमी-जास्त होणारे 'मार्क' असतात, ते आपल्याला दिसत नाहीत. दिसतो तो फक्त क्लास, म्हणजे स्टार. ऑर्डर्ड लॉजिट दोन गोष्टी एकदम शोधतं. एक, कुठल्या गोष्टीने मनातले मार्क किती वाढतात किंवा घटतात. दोन, चार रेषा कुठे आहेत. या रेषांनाच कटऑफ म्हणतात. त्या आपण ठरवत नाही, डेटातून निघतात.

एक उदाहरण सोडवू

किराणा दुकान घेऊ. हिशोब सोपा व्हावा म्हणून आकडे मी उदाहरणापुरते घेतले आहेत, तुमचे वेगळे येतील. यादी हातात घेतली की तिच्यावर वेळ लिहायची, बिलावर वेळ छापून येतेच, म्हणजे थांबायला किती मिनिटं लागली ते कळतं. यादीतलं सगळं मिळालं का, हेही लिहायचं: मिळालं तर १, नाही तर ०. बिलासोबत रेटिंगची चिठ्ठी द्यायची आणि तिच्यावर बिल नंबर टाकायचा. अशा ४०० चिठ्ठ्या जमल्या असं समजू. हे सगळं एका शीटमध्ये भरून फुकट मिळणाऱ्या आर सॉफ्टवेअरमध्ये चालवायचं:

```r
library(MASS)
d <- read.csv("survey.csv")
d$rating <- factor(d$rating, levels = 1:5, ordered = TRUE)
m <- polr(rating ~ wait + instock, data = d, Hess = TRUE)
summary(m)
predict(m, data.frame(wait = c(4, 12), instock = 1), type = "probs")
```

समजा उत्तर असं आलं: प्रत्येक मिनिटाच्या थांबण्याला उणे ०.१५, सगळं मिळाल्याला अधिक १.० आणि चार कटऑफ उणे ३.६, उणे २.४, उणे ०.९ आणि अधिक १.१.

आता गिऱ्हाईक उभं करू. दुपारी एक काकू आल्या, ४ मिनिटं थांबल्या, सगळं मिळालं. त्यांचा स्कोअर: ४ गुणिले उणे ०.१५ म्हणजे उणे ०.६, अधिक १.०, एकूण ०.४. एखाद्या रेषेच्या खाली राहण्याची शक्यता काढायला एक्सेलमध्ये A2 मध्ये स्कोअर आणि B2 मध्ये कटऑफ लिहा आणि हे सूत्र टाका:

```
=1/(1+EXP(-(B2-A2)))
```

चारही कटऑफ टाकले की उत्तरं येतात साधारण २, ६, २१ आणि ६७ टक्के. नीट वाचा हं, ही 'इथपर्यंत' ची शक्यता आहे. १ स्टारची २ टक्के, १ किंवा २ ची मिळून ६, ३ पर्यंतची २१, ४ पर्यंतची ६७. एकेका स्टारची शक्यता हवी असेल तर पुढच्यातून मागचं वजा करायचं. काकू ५ स्टार देण्याची शक्यता १०० वजा ६७, म्हणजे ३३ टक्के. ४ स्टारची ६७ वजा २१, म्हणजे सुमारे ४५ टक्के (वरचे आकडे जवळच्या पूर्णांकात लिहिल्याने एखाद्या टक्क्याचा फरक दिसतो).

संध्याकाळी सातला आलेलं गिऱ्हाईक १२ मिनिटं थांबलं, सगळं मिळालं. स्कोअर उणे ०.८. तेच सूत्र लावलं की ५ स्टारची शक्यता ३३ वरून १३ टक्क्यांवर येते आणि १ किंवा २ स्टारची ६ वरून १७ टक्क्यांवर जाते. 'थांबायला लागलं तर लोक चिडतात' हे सगळ्यांना माहीत आहे. इथे कळतं ते किती चिडतात.

पैसा कुठे घालायचा?

मालकाकडे दोन पर्याय आहेत. संध्याकाळी महिना ₹१२,००० देऊन एक मुलगा ठेवायचा, म्हणजे थांबणं १२ वरून ४ मिनिटांवर येईल. नाहीतर जास्तीचा माल भरायचा, अडकलेल्या पैशाचं व्याज आणि खराब होणारा माल धरून महिना ₹२,००० खर्च. संध्याकाळी महिन्याला ६०० गिऱ्हाइकं येतात आणि पाचातल्या एकाला यादीतलं काहीतरी मिळत नाही, असं धरू.

१ किंवा २ स्टार देणाऱ्याला 'नाराज' म्हणू. १२ मिनिटं थांबून वस्तूही मिळाली नाही तर नाराज होण्याची शक्यता ३५ टक्के. वस्तू मिळाली तर १७. वस्तू न मिळालेली १२० माणसं आहेत, म्हणजे माल भरून महिन्याला सुमारे २२ नाराज कमी होतील. एकामागे खर्च ₹९०.

मुलगा ठेवला तर सगळ्या ६०० जणांचं थांबणं कमी होतं. वस्तू मिळणाऱ्या ४८० जणांत नाराज १७ वरून ६ टक्क्यांवर येतात, न मिळणाऱ्या १२० जणांत ३५ वरून १४ वर. मिळून सुमारे ७९ नाराज कमी, एकामागे खर्च सुमारे ₹१५०. म्हणजे आधी माल भरा, तो स्वस्तात पडतो. पण मोठा फरक मुलगाच पाडेल. एक नाराज गिऱ्हाईक तुटण्याने महिन्याला ₹१५० पेक्षा जास्त नफा जात असेल, तर माल न भरता नुसता मुलगा ठेवणंही परवडतं.

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. वस्तू मिळाल्याचा कोएफिशिएंट दोन्ही वेळी १.० च आहे. तरी दुपारी वस्तू न मिळाल्याने नाराजी ६ वरून १४ वर जाते, ८ टक्क्यांचा फरक. संध्याकाळी १७ वरून ३५ वर, १८ टक्क्यांचा. आधीच कंटाळलेला माणूस रेषेच्या जवळ उभा असतो, थोडा धक्का बसला की खाली जातो. म्हणून नुसता कोएफिशिएंट वाचून निर्णय घेऊ नका, शक्यता काढूनच बघा.

कुठे फसतं?

या मॉडेलचं एक गृहीत आहे: थांबण्याचा परिणाम चारही रेषांवर सारखाच. दुकानात हे नेहमी खरं नसतं. जास्त थांबवलं तर माणूस चिडतो, पण पटकन बिल झालं म्हणून कुणी खूश होऊन ५ स्टार देतोच असं नाही. तपासायला प्रत्येक रेषेवर वेगळं साधं हो-नाही लॉजिट चालवा:

```r
glm(I(rating >= "3") ~ wait + instock, family = binomial, data = d)
glm(I(rating >= "5") ~ wait + instock, family = binomial, data = d)
```

`wait` चा आकडा दोन्हीकडे उणे ०.१५ च्या आसपास आला तर ठीक. एकीकडे उणे ०.२५ आणि दुसरीकडे उणे ०.०३ असा आला तर एकच आकडा दोन्ही गोष्टी झाकतोय. मग नाराजीसाठी पहिलं लॉजिट वेगळंच वापरा.

रेटिंग आकड्यांऐवजी 'चांगली', 'ठीक', 'वाईट' असं शब्दांत भरलं असेल तर क्रम `levels` मध्ये स्वतः लिहा. नाहीतर सॉफ्टवेअर अक्षरांच्या क्रमाने लावतं आणि एररही येत नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये चिन्ह उलटं असतं. ओळखायची खूण सोपी: थांबणं वाढवल्यावर ५ स्टारची शक्यता कमी व्हायलाच हवी. १ स्टारच्या चिठ्ठ्या पाच-सहाच असतील तर पहिला कटऑफ डळमळीत येतो, तेव्हा १ आणि २ एकत्र करा.

शेवटचं. संध्याकाळी थांबणं जास्त असतंच, पण तेव्हा माणूस ऑफिसातून दमून आलेला असतो, भाजीही शिळी झालेली असते. उणे ०.१५ मध्ये हेही मिसळलेलं असू शकतं, म्हणून वेळ दुपारची की संध्याकाळची हा रकाना शीटमध्ये वाढवून मॉडेलमध्ये घाला. आणि रांग बघून दारातूनच परत गेलेल्या माणसाच्या हातात आपली चिठ्ठी कधी पडतच नाही. त्याची नाराजी या आकड्यांत नाही, ती दारात उभं राहून मोजावी लागते.

चिठ्ठीचा नमुना आणि एक्सेल शीट करून बघा, काही अडलं तर व्हिडिओखाली विचारा.