जुने वीजसंच बंद करावेत का? अकरावी-बारावीच्या वर्गासाठी एक वादविवाद

हवामान धोरणावरचा वर्गातला वादविवाद फसतो तो बहुतेक वेळा विषयाच्या मांडणीत. ‘हवामान बदल : आव्हाने आणि उपाय’ असा विषय फळ्यावर लिहिला की त्यावर भाषणे होतात, वाद होत नाही. आव्हाने आहेत हे दोन्ही बाजूंना मान्य असते आणि उपाय हवेत हेही मान्य असते. वाद उभा राहण्यासाठी ठरावात चार गोष्टी लागतात : निर्णय कोणी घ्यायचा, काय करायचे, कधीपर्यंत करायचे आणि त्याची किंमत कोणाला मोजावी लागणार. कनिष्ठ महाविद्यालयात या कसोटीला उतरेल असा एक ठराव पुढीलप्रमाणे मांडता येतो : ‘महाराष्ट्र शासनाने २१० मेगावॉटचे जुने औष्णिक वीजसंच २०३५ पर्यंत बंद करावेत.’

एकलहरे, कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर ही नावे राज्यातल्या विद्यार्थ्यांच्या कानावरून गेलेली असतात आणि २१० मेगावॉटचे संच हा तिथल्या जुन्या पिढीचा ठरलेला आकार आहे. ठराव सगळा कोळसा बंद करा असे म्हणत नाही. त्यामुळे बाजूने बोलणाऱ्याला अशक्य गोष्टीचे समर्थन करावे लागत नाही आणि विरोधकालाही ‘मग अंधारात बसायचे का’ एवढ्यावर सुटता येत नाही. हवामान बदल खरा आहे की नाही, हा प्रश्न ठरावाच्या बाहेर आहे हे शिक्षकाने पहिल्याच तासाला स्पष्ट करावे. ते विज्ञानाच्या तासाचे काम आहे. धोरणाच्या वादात तो प्रश्न शिरला की उरलेला वेळ त्यातच जातो.

या घटकाला प्रत्येकी ४० मिनिटांच्या सहा तासिका पुरतात. ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ या विषयात त्या सहज बसतात. अर्थशास्त्र किंवा भूगोलाच्या शिक्षकाची जोड मिळाली तर उत्तम. पहिल्या तासिकेत ठराव समजून घ्यायचा, दुसरीत पुरावे वाचायचे, तिसरीत व चौथीत गटांनी तयारी करायची, पाचवीत वादविवाद आणि सहावीत लेखन.

साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात आठच जण बोलणार असतील तर बाकीचे बावन्न जण खिडकीबाहेर पाहणार. म्हणून भूमिका व्यक्तींना न देता गटांना द्याव्यात. पाच जणांचा एक गट, असे आठ गट : चार ठरावाच्या बाजूने, चार विरुद्ध. उरलेल्या वीस जणांपैकी बारा पंच, चार पुरावा-तपासनीस, दोन वेळ पाहणारे, एक अध्यक्ष आणि एक नोंद ठेवणारा.

भूमिका वाटताना एक सापळा टाळावा लागतो. गावकरी नेहमी बंद करा म्हणणार आणि कंपनी नेहमी चालू ठेवा म्हणणार, अशी वाटणी केली की नाटक होते. कोण काय बोलणार हे आधीच ठरून जाते. त्यापेक्षा वीज नियोजक, केंद्रातला कामगार, शेजारच्या गावचा रहिवासी आणि वित्त अधिकारी या चारही भूमिका दोन्ही बाजूंना ठेवाव्यात. म्हणजे एका कामगाराला संच बंद करण्याच्या बाजूने बोलावे लागते : पगार आणि नवे काम यांची लेखी हमी मिळाली तर जुन्या संचापाशी का थांबायचे? समोरचा कामगार विचारतो की हमी कायम नोकरांना मिळेल, पण राख आणि कोळसा हाताळणाऱ्या कंत्राटी माणसाचे नाव कोणत्या यादीत असेल? राखेचा त्रास सोसणारा रहिवासी संच बंद करा म्हणतो, तर त्याचाच शेजारी केंद्रावर चालणाऱ्या गॅरेजचा आणि खाणावळीचा हिशेब मांडतो. बाजू चिठ्ठ्या टाकून द्यावी. वर्गात वीजकेंद्रातल्या कामगारांची मुले असतील तर त्यांना घरची गोष्ट सांगण्याचा आग्रह करू नये. सांगायची की नाही हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

पुराव्यांचा संच शिक्षकाने तयार करून द्यायचा असतो. विद्यार्थ्यांना ‘माहिती शोधून आणा’ असे सांगितले तर ज्याच्याकडे चांगला फोन तो जिंकतो, शिवाय आणलेले आकडे कोणालाच पडताळता येत नाहीत. आठ कार्डे पुरेत, आणि दोन्ही बाजूंना तीच द्यावीत. प्रत्येक कार्डावर आकडा, तो कोणाचा, कोणत्या वर्षाचा, त्यात नेमके काय मोजले आहे आणि त्यातून काय सिद्ध होत नाही, अशा पाच गोष्टी असाव्यात. पाचवी गोष्ट लिहिणे सर्वांत अवघड, आणि कार्डाचा खरा उपयोग तिच्यातच आहे.

एका कार्डावर भारताची वचने असतील : २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन आणि २०३० पर्यंत वीजनिर्मितीच्या स्थापित क्षमतेपैकी निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म स्रोतांची. यातले दुसरे लक्ष्य गाठल्याचे केंद्र सरकारने २०२५ मध्येच जाहीर केले. दुसऱ्या कार्डावर उत्सर्जनाचे तीन हिशेब शेजारी शेजारी ठेवावेत. एकूण उत्सर्जनात भारत जगात तिसरा आहे. दरडोई कार्बन डायऑक्साइड मात्र सुमारे दोन टन, म्हणजे अमेरिकेच्या सातव्या हिश्श्याच्या आसपास. औद्योगिक क्रांतीपासूनच्या साठलेल्या उत्सर्जनात अमेरिकेचा वाटा सुमारे एक चतुर्थांश, तर भारताचा तीन-चार टक्के. तिन्ही आकडे खरे आहेत. कोणता कशासाठी वापरायचा हाच वाद.

तिसरे कार्ड परळीचे. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे औष्णिक केंद्र बंद ठेवावे लागले. ‘कोळसा म्हणजे खात्रीची वीज’ या विधानाला ते उत्तर आहे, पण त्यावरून प्रत्येक केंद्राला पाण्याची तीच अडचण आहे असे ठरत नाही. चौथे कार्ड दक्षिण आफ्रिकेतल्या कोमाटी केंद्राचे. ते ऑक्टोबर २०२२ मध्ये बंद झाले आणि त्याच्या रूपांतरासाठी जागतिक बँकेचे अर्थसाहाय्य मिळाले, तरी नव्या रोजगाराचा वेग स्थानिकांच्या अपेक्षेपेक्षा फार मंद राहिला. पाचव्या कार्डावर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची जानेवारी २०२३ मधली भूमिका : वाढत्या मागणीमुळे २०३० पर्यंत औष्णिक संच निवृत्त करू नयेत. सहावे प्रदूषणाचे : औष्णिक केंद्रांसाठी कडक उत्सर्जन मानके डिसेंबर २०१५ मध्ये आली, त्यांची मुदत पुन्हा पुन्हा वाढली आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना गंधक काढणाऱ्या यंत्रणेतून सूट मिळाली. सातवे जमिनीचे आणि आठवे दिवस-रात्रीच्या मागणीचे.

पुरावा वाचायला शिकवण्यासाठी एक उदाहरण दुसऱ्या तासिकेत फळ्यावर सोडवून दाखवावे. बाजूचा वक्ता म्हणतो, ‘देशाची निम्मी वीज आता स्वच्छ आहे, मग जुने संच हवेत कशाला?’ कार्डावर लिहिले आहे निम्मी क्षमता. क्षमता म्हणजे यंत्र एका वेळी जास्तीत जास्त किती देऊ शकते; प्रत्यक्ष वर्षभरात तयार झालेल्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही ७० टक्क्यांच्या वर आहे. फरक कुठून येतो ते २१० मेगावॉटवरच पाहावे. वर्षात ८,७६० तास असतात. कोळशाचा संच त्यांतल्या सरासरी ६० टक्के क्षमतेने चालला असे धरले तर तो सुमारे ११० कोटी युनिट वीज देतो. २१० मेगावॉटचे सौर पॅनेल सरासरी २० टक्क्यांनी चालतात, म्हणजे सुमारे ३७ कोटी युनिट. एका संचाची जागा घ्यायला तिप्पट, सुमारे ६३० मेगावॉट सौर क्षमता लागेल, आणि प्रत्येक मेगावॉटला चार-पाच एकर धरले तर अडीच ते तीन हजार एकर जमीन.

गणित इथे संपत नाही. विरोधक लगेच विचारतो की ६३० मेगावॉट असले तरी रात्री आठ वाजता त्यातून काय मिळणार? शून्य. संध्याकाळचे चार तास तोच २१० मेगावॉटचा पुरवठा ठेवायचा तर ८४० मेगावॉट-तास साठवणारी बॅटरी किंवा उदंचन जलविद्युत लागेल. आता बाजूच्या वित्त अधिकाऱ्याला उत्तर देणे भाग आहे. त्याच्याकडे दुसरे टोक आहे : एक युनिट कोळशाच्या विजेमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे या एका संचातून वर्षाला सुमारे ११ लाख टन. शिवाय जुना संच त्याच युनिटला नव्यापेक्षा जास्त कोळसा जाळतो. वाद आता धोरणाचा झाला, घोषणांचा उरला नाही.

प्रत्यक्ष वादविवादाची वेळ ताणून चालत नाही. आठ वक्त्यांना दोन-दोन मिनिटे, मग आठ मिनिटे परस्पर प्रश्न, प्रत्येक बाजूला तीन मिनिटांचा प्रतिवाद आणि दोन मिनिटांचा समारोप : एकूण ३४ मिनिटे. उरलेल्या सहांत पंचांचे मत. पुरावा-तपासनीसांपुढे आठही कार्डे असतात; वक्त्याने आकडा चुकीचा वापरला तर ते हिरवी पट्टी वर करतात आणि कार्डाचा क्रमांक सांगतात. भाषण थांबवत नाहीत.

गुणांकनात आपली जुनी सवय आड येते. वक्तृत्व स्पर्धांनी आवाज, हावभाव आणि पाठांतराला इतके गुण दिले आहेत की सराईत वक्ता एकही प्रश्न न सोडवता पहिला येतो. इथे ४० गुणांपैकी पुराव्याच्या वापराला १२, प्रतिवादाला १२, भूमिकेच्या हितसंबंधाची जाण ठेवण्याला ८, अंमलबजावणीच्या विचाराला ५ आणि बोलण्याच्या स्पष्टतेला ३ द्यावेत. गुण गटाला मिळतात, कारण तयारी गटाची असते.

पुराव्याच्या १२ गुणांचे टप्पे आधीच सांगून ठेवावेत. आकडा नुसता म्हणून दाखवला तर ३ पर्यंत. तो आपल्या मुद्द्याशी जोडला तर ६. त्यात काय मोजले आहे हे सांगितले तर ९. त्याची मर्यादा स्वतःहून कबूल करून तरीही मुद्दा टिकवला तर त्यापुढचे गुण. चुकीच्या आकड्याला दोन गुण वजा, पण पट्टी वर झाल्यावर गटाने चूक दुरुस्त केली तर वजावट नाही. नाहीतर मुले चुकीलाच चिकटून बसतात. प्रतिवादात समोरच्याचा मुद्दा त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी सांगावा लागतो. तो सोपा किंवा हास्यास्पद करून मांडला तर सहाच्या वर गुण नाहीत. दोन शिक्षकांनी स्वतंत्र गुण द्यावेत आणि चारांपेक्षा जास्त फरक पडला तर नोंदवही पाहून एकत्र ठरवावे.

पंच दोनदा मत देतात, वादाआधी आणि नंतर. किती जणांचे मत बदलले ते फळ्यावर लिहावे, पण गुणांत धरू नये. वर्गातला लोकप्रिय मुलगा कोणत्या बाजूला आहे यावर मत बदलू शकते. पंचांचे मूल्यमापन त्यांच्या लेखी कारणांवर होते : कोणत्या कार्डाने मत हलले, कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला.

सहाव्या तासिकेत बोललेल्या प्रत्येक गटातल्या विद्यार्थ्याने आपल्या विरुद्ध बाजूने तीनशे शब्द लिहायचे, त्याच भूमिकेतून. बंद करा म्हणणारा कामगार आता चालू ठेवा म्हणतो, आणि त्याला निदान दोन कार्डांचा आधार द्यावा लागतो. तपासताना शिक्षकाने एवढेच पाहावे की काल स्वतः खोडलेल्या मुद्द्याला विद्यार्थ्याने आज अधिक भक्कम केले आहे का. ज्या निबंधात दोन्ही बाजू बरोबर आहेत म्हणून मध्यम मार्ग काढावा असे लिहिलेले असते, तो परत द्यावा आणि २०३५ च्या जागी कोणते वर्ष, कोणते संच आणि खर्च कोणाच्या बिलात, हे लिहून आणायला सांगावे.