सहा वर्षांनी ‘हाय’

हिंजवडीतल्या जुन्या ऑफिसात शेजारी बसणारा सहकारी. सहा वर्षं फोन नाही, आणि आता त्याच्या कंपनीत जागा निघालीय. नुसतं ‘हाय, कसा आहेस?’ पाठवून दोन दिवसांनी मुद्द्यावर येणं मला सगळ्यात वाईट वाटतं. समोरच्याला ते लगेच कळतं. त्यापेक्षा पहिल्याच मेसेजात सांगावं: ‘बऱ्याच वर्षांनी लिहितोय, आणि कामासाठीच. तुमच्याकडच्या टेस्टिंगच्या जागेसाठी रेफरल देशील का? आपण बिलिंगच्या प्रोजेक्टवर वर्षभर एकत्र होतो, तेवढंच लिहिलंस तरी पुरे. जमणार नसेल तर मोकळेपणानं सांग, मी थेट अर्ज करेन.’ सोबत जॉब आयडी आणि रेझ्युमे जोडावा, म्हणजे त्याला शोधाशोध नको.

अर्ज मात्र आधी टाकू नये. बऱ्याच कंपन्यांत उमेदवाराचं नाव सिस्टीममध्ये आधीच असेल, तर रेफरल धरतच नाहीत. मग त्याचा बोनसही बुडतो. फॉर्ममध्ये ‘याला किती ओळखता?’ असा प्रश्न असू शकतो. सहा वर्षांपूर्वीचं काम पाहिलेल्यानं आजच्या कामाची हमी द्यावी, असा आग्रह नको. उत्तर नाही आलं, तर आठवड्याने एकदा आठवण करावी आणि सरळ अर्ज भरावा.