कललेला खांब सरळ होतो, थरथर मात्र उरते

मुंबईत मरीन ड्राइव्हवर समुद्राकडून इमारतींकडे फोन झपाट्यानं फिरवून घेतलेला व्हिडिओ नीट पाहिला, तर दिव्यांचे खांब तिरके दिसतात. फोन ज्या दिशेला फिरला, त्याच दिशेला त्यांची टोकं कललेली असतात. फोन थांबवताना हात थरथरला असेल, तर इमारती जेलीसारख्या डुलतात. दोन्ही दोषांचं मूळ एकच आहे, पण दुरुस्तीला ते सारखी दाद देत नाहीत.

फोनचा सेन्सर संपूर्ण चित्र एकाच क्षणी टिपत नाही. तो एकेक ओळ वाचत वरून खाली जातो. फोन आडवा धरून सेकंदाला ९० अंश या वेगानं फिरवला आणि लेन्सला साधारण ६५ अंशांचा देखावा दिसत असेल, तर १९२० पिक्सेल रुंदीच्या चित्रात देखावा सेकंदाला सुमारे २६५० पिक्सेल सरकतो. सगळ्या ओळी वाचायला २० मिलिसेकंद लागले, तर पहिली ओळ वाचल्यापासून शेवटची वाचेपर्यंत खांब ५३ पिक्सेल सरकलेला असतो. चित्राच्या पूर्ण उंचीचा खांब त्यामुळे जवळजवळ तीन अंश कलतो. शटरचा वेग वाढवून हे टळत नाही. ओळी वाचण्याचा वेळ तोच राहतो, धूसरपणा तेवढा कमी होतो आणि तिरकेपणा उलट जास्त डोळ्यांत भरतो.

दुरुस्तीसाठी हा वाचनकाळ कळायला हवा, आणि तो घरीच मोजता येतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्यानं स्वस्तातले काही एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. अशा दिव्यानं उजळलेली पांढरी भिंत शटरचा वेग खूप वाढवून चित्रित केली की चित्रात गडद-फिके पट्टे उमटतात. गडद-फिक्या पट्ट्यांची एक जोडी म्हणजे १० मिलिसेकंद. चित्राच्या पूर्ण उंचीत दोन जोड्या मावल्या, तर वाचनकाळ २० मिलिसेकंद. मात्र मूळ व्हिडिओ ज्या रेझोल्यूशनवर आणि फ्रेमरेटवर घेतला, चाचणीही त्यावरच घ्यायची. मोड बदलला की हा आकडा बदलू शकतो.

आफ्टर इफेक्ट्समध्ये Rolling Shutter Repair नावाचा इफेक्ट आहे. त्यात Rolling Shutter Rate टक्क्यांत मागतात, म्हणजे एका फ्रेमच्या वेळेपैकी किती वेळ वाचनात गेला. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर एका फ्रेमला ३३.३ मिलिसेकंद मिळतात. त्यातले २० म्हणजे ६० टक्के. हा इफेक्ट मूळ फाइलवर, कापाकापी आणि स्थिरीकरणाच्या आधी लावावा. व्हॉट्सअॅपवरून आलेली दाबलेली प्रत घेतली, तर हालचाल ओळखायला लागणारे बारकावेच त्यात उरलेले नसतात. आकडा बरोबर बसला की नाही हे खांब सांगतात. ते उलट्या बाजूला कलू लागले तर दुरुस्ती जास्त झाली. ओळी सरकवताना कडेची पट्टी रिकामी पडते म्हणून थोडं चित्र कापावं लागतं. वरच्या उदाहरणात हे नुकसान रुंदीच्या तीनेक टक्क्यांचं आहे, सहज सोसण्याजोगं.

फोन उभा धरला असेल तर सेन्सरच्या ओळीही उभ्या होतात. अशा वेळी खांब कलत नाहीत. एका दिशेला फिरवल्यास देखावा रुंदावतो, दुसऱ्या दिशेला आक्रसतो. म्हणून इफेक्टमध्ये वाचनाची दिशाही बदलावी लागते.

थरथर अधिक हट्टी असते. एका फ्रेमच्या काळातच हालचालीची दिशा बदलली, तर सेकंदाला ३० चित्रांवरून त्या हालचालीचा माग लागत नाही. यावर उपाय आहे तो फोनमधल्या जायरोस्कोपचा. २०१० साली आलेल्या आयफोन ४मध्ये तो होता, आणि २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या अलेक्झांद्र कार्पेंको व सहकाऱ्यांनी जायरोच्या नोंदींवरून व्हिडिओ स्थिर करण्याची आणि ओळींचा हा दोष काढण्याची पद्धत मांडली. आज जायरोफ्लो हे मोफत सॉफ्टवेअर त्याच तत्त्वावर चालतं. पण नोंदी चित्रीकरणाच्या वेळीच साठवलेल्या हव्यात. फोनच्या स्थिरीकरणानं चित्र आधीच वाकवलेलं असेल, तर चित्राचा आणि नोंदींचा मेळ बसत नाही.

काही गोष्टी मात्र कुठल्याच आकड्यानं सुटत नाहीत. समोरून गेलेल्या टॅक्सीचा वेग कॅमेऱ्याच्या वेगाहून वेगळा असतो, त्यामुळे खांब सरळ केले तरी टॅक्सी तिरकीच राहू शकते. धूसर झालेले तपशील परत येत नाहीत. अगदी जवळचा कठडा आणि दूरच्या इमारती वेगवेगळ्या गतीनं सरकत असतील, तर दोन्ही एकदम नीट बसत नाहीत. असा व्हिडिओ महत्त्वाचा असेल, तर ते दोन-तीन सेकंद कापून टाकणंच बरं.

पुन्हा चित्रीकरण करता येत असेल तर फोन निम्म्या वेगानं फिरवावा. ५३ पिक्सेलचे २६ होतात. सेकंदाला ६० फ्रेमचा मोड निवडला तर सेन्सरला १६.७ मिलिसेकंदांच्या आत वाचन उरकावंच लागतं. आणि झूम करून फोन फिरवू नये, कारण दुप्पट ऑप्टिकल झूमला तिरकेपणाही जवळपास दुप्पट होतो.