पासबुकात जमा, आपल्या वहीत नावे

भाची यंदा अकरावी कॉमर्सला गेली. पहिल्या महिन्यातच वही घेऊन माझ्याकडे आली. "मावशी, बँकेत पैसे भरले की पासबुकात ती रक्कम जमेच्या रकान्यात दिसते. मग पुस्तकात बँकेचं खातं नावे करा असं का लिहिलंय?"

मी गेली वीस वर्षं छोट्या व्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. हा प्रश्न ज्याला पडला, तो नियम नुसता पाठ करून पुढे गेलेला नाही, एवढं नक्की. उत्तर सोपं आहे. पासबुक ही आपली वही नाही, बँकेच्या वहीत आपल्या नावाचं जे खातं आहे त्याची ती नक्कल आहे. बँक तिच्या जागेवरून पाहते तेव्हा पैसे देणारे आपण असतो, म्हणून ती आपलं खातं जमा करते. आपण आपल्या जागेवरून पाहतो तेव्हा पैसे घेणारी बँक असते, म्हणून आपण तिचं खातं नावे करतो. घेणाऱ्याचं खातं नावे, देणाऱ्याचं खातं जमा, हा व्यक्तिगत खात्याचा नियम दोन्ही वह्यांत सारखाच पाळला गेला आहे. बदलली ती फक्त लिहिणाऱ्याची जागा.

'नावे' म्हणजे एखाद्याच्या नावावर मांडलेली रक्कम. तेवढे पैसे त्याच्याकडे गेले आहेत, एवढंच तो शब्द सांगतो. जमा म्हणजे चांगलं आणि नावे म्हणजे वाईट, हा बोलण्यातला अर्थ हिशेबाच्या वहीत आणायचा नाही. आणि इथे व्यक्ती म्हणजे फक्त हाडामांसाचा माणूस नव्हे. बँक, सोसायटी, कंपनी या सगळ्या व्यक्तीच. मालकाचं भांडवल खातंसुद्धा व्यक्तिगतच, कारण हिशेबापुरता धंदा वेगळा आणि मालक वेगळा.

मग आम्ही एका पिठाच्या गिरणीचा पहिला महिना लिहायला घेतला. मालकाने 1 जूनला 1,00,000 रुपये रोख आणले आणि त्यातले 40,000 बँकेत भरले. नंतर 36,000 चा चेक देऊन चक्की घेतली. रोकड आणि चक्की या वस्तू, म्हणून ही संपत्ती खाती. काही पुस्तकांत त्यांना वास्तविक खाती म्हणतात. त्यांचा नियम: जे धंद्यात येतं ते नावे, जे जातं ते जमा. चक्की आली, म्हणून यंत्र खातं नावे. पैसे बँकेने दिले, म्हणून बँक खातं जमा. एकाच नोंदीत एक बाजू संपत्तीच्या नियमाने आणि दुसरी व्यक्तीच्या नियमाने लिहिली गेली. मुलं इथे गोंधळतात, कारण एका व्यवहाराला एकच नियम शोधतात. नियम व्यवहाराला नसतो, त्यातल्या प्रत्येक खात्याला असतो.

महिनाअखेर गाळ्याचं भाडं 5,000 रुपये रोख दिलं. भाचीने लिहिलं, 'गाळामालक खाते नावे'. तिचं म्हणणं, पैसे तर त्यानेच घेतले. आणि ते खरंही आहे. नामधारी खाती का लागतात, ते याच नोंदीतून उलगडतं, म्हणून तिथे आम्ही बराच वेळ थांबलो.

गाळामालकाने 5,000 घेतले, तसं त्याने काही दिलंही आहे: महिनाभर गाळा वापरू दिला. त्याचं खातं उघडलंच, तर वापर दिल्याबद्दल 5,000 जमा आणि रोख घेतल्याबद्दल 5,000 नावे, म्हणजे खातं तिथल्या तिथे मिटलं. त्याचं आपल्याकडे काही येणं नाही, आपलं त्याच्याकडे नाही. उरलं काय? वापरून संपलेला एक महिना. तो हातात धरता येत नाही, म्हणून ती संपत्ती नाही, आणि तो कोणी माणूसही नाही. त्याला नुसतं नाव द्यावं लागतं, 'भाडे खाते'. म्हणून ते नामधारी. अशा खात्यांचा नियम: खर्च आणि तोटे नावे, उत्पन्न आणि नफे जमा. दळणाचे महिन्याभरात 14,000 रुपये रोख आले. रोख खातं नावे, दळण उत्पन्न खातं जमा.

आता मदतनीस मुलाचा पगार, 6,000 रुपये. 30 जूनला तो द्यायचा राहिला. काम तर त्याने महिनाभर केलं आहे, म्हणून खर्च जूनचाच:

पगार खाते … नावे 6,000
अदत्त पगार खाते … जमा 6,000

दोन्ही खात्यांच्या नावांत 'पगार' आहे, पण जात वेगळी. पहिलं नामधारी. दुसरं व्यक्तिगत, कारण त्याच्याआड तो मुलगा उभा आहे: त्याने श्रम दिले आणि त्याचे पैसे आपल्याकडे राहिले. खात्याची जात नुसत्या शब्दावरून ठरवू नये ती यासाठीच. शंका आली तर विचारायचं, 31 मार्चला या खात्याचं काय होणार? नामधारी खातं नफा-तोट्यात जाऊन मिटतं. कोणाचं देणं किंवा एखादी वस्तू मात्र वर्ष बदललं म्हणून मिटत नाही, ती शिल्लक ताळेबंदातून पुढच्या वर्षी येते.

एक नोंद मी मुद्दाम शेवटी ठेवली होती. चक्की बसवणाऱ्या कारागिराला 2,000 रुपये रोख मजुरी दिली होती. भाचीने लगेच लिहिलं, 'मजुरी खाते नावे'. शब्द मजुरी, म्हणून खर्च, असा तिचा हिशेब. पण बसवल्याशिवाय चक्की दळत नाही. त्या 2,000 रुपयांनी चक्की चालती झाली, म्हणून ते यंत्राच्या किमतीतच मिळवायचे आणि यंत्र खातं 38,000 चं करायचं. पुढे पट्टा तुटला आणि तो बदलायला कारागीर आला, तर त्याची मजुरी मात्र दुरुस्ती खर्चात जाईल.

तिने आधी आपल्याच पद्धतीने तेरीज मांडली. नावे बाजूला रोख 67,000, बँक 4,000, यंत्र 36,000, मजुरी 2,000, भाडे 5,000, पगार 6,000. जमा बाजूला भांडवल 1,00,000, दळण उत्पन्न 14,000, अदत्त पगार 6,000. दोन्हीकडे 1,20,000. "जुळलं की!" ती म्हणाली. जुळणारच. चुकीचं खातं नावे झालं, तरी झालं ते नावेच, त्यामुळे बेरजेला काही कळत नाही. कळतं ते नफ्याला: वीजबिल आणि घसारा बाजूला ठेवले तर जूनचा नफा 3,000, पण तिच्या वहीत तो फक्त 1,000 आला, आणि चक्की 2,000 ने स्वस्त दिसली.

अशीच लपणारी चूक जुलैत होते. मुलाला जूनचे 6,000 दिले की हात आपोआप पुन्हा 'पगार खाते नावे' लिहायला जातो. लिहायचं असतं 'अदत्त पगार खाते नावे', कारण जुनं देणं त्याने आता घेतलं. चुकलं तर तेरीज याही वेळी जुळेल, पण दोन खुणा राहतील. एक, जुलैच्या खर्चात एकाच मुलाचे दोन पगार दिसतील. दुसरी, अदत्त पगार खात्यावर 6,000 जमा तसेच उभे राहतील. भाचीला मी एवढंच सांगितलं, की ते खातं उघड आणि त्या मुलालाच विचार, "तुझं काही येणं राहिलंय का?" तो नाही म्हणाला आणि वही हो म्हणाली, तर चूक वहीत आहे.