सॅलरी स्लिपमधली अनोळखी कपात आणि चार ओळींची मेल

सॅलरी स्लिपवरच्या बहुतेक कपाती ओळखीच्या असतात. भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, दरमहा कापला जातो. महाराष्ट्रात व्यवसाय कर असतो, आणि पगार त्या मर्यादेत असेल तर राज्य विम्याची वर्गणी जाते. यांतल्या काही रकमा वर्षातून एखाद-दोनदा बदलतात आणि उगाच धडकी भरवतात. व्यवसाय कर अकरा महिने २०० रुपये असतो आणि फेब्रुवारीत ३०० होतो, कारण वर्षाचे २,५०० पूर्ण करायचे असतात. कामगार कल्याण निधीची छोटी रक्कम फक्त जून आणि डिसेंबरमध्ये दिसते. गुंतवणुकीचे पुरावे वेळेत दिले नाहीत, तर जानेवारी ते मार्चमध्ये आयकराची कपात एकदम वाढते. पेरोल विभागाला लिहिण्याआधी एवढे पाहून घेतले, तर निम्म्या शंका तिथेच मिटतात.

उरतात त्या ‘अदर डिडक्शन’, ‘अ‍ॅडजस्टमेंट’ किंवा ‘रिकव्हरी’ अशा नावांच्या ओळी. या नावांवरून काहीच कळत नाही. आगाऊ घेतलेल्या रकमेचा हप्ता, हरवलेल्या ओळखपत्राचे पैसे, आधी चुकून जास्त दिलेला भत्ता, मागच्या महिन्याची बिनपगारी रजा, यांपैकी काहीही त्या एका ओळीत असू शकते. कपात बरोबर की चूक हे त्यामुळे आधी ठरवता येत नाही. आधी तिचे कारण काढून घ्यावे लागते, आणि मेल लिहायची ती त्यासाठी.

पुण्यातल्या एका कंपनीतल्या महिला कर्मचाऱ्याचे उदाहरण घेऊ. महिना ४२,००० रुपये, पीएफ १,८००. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्यवसाय कर ३०० कापून हातात ३९,९०० आले. मार्चमध्ये आले ३७,०००. फक्त हाती आलेली रक्कम पाहिली तर फरक २,९०० चा, आणि ‘माझे २,९०० का कापले?’ असे विचारले तर पेरोलवाल्यांना तो आकडा कुठेच सापडणार नाही. दोन्ही महिन्यांच्या स्लिपा शेजारी ठेवून ओळ न् ओळ जुळवली, की खरे चित्र दिसते. व्यवसाय कर १०० रुपयांनी उतरला आणि ‘अदर डिडक्शन’ नावाची ३,००० रुपयांची नवी ओळ आली. प्रश्न या ओळीचा आहे.

आता त्या ३,००० कडे पाहू. रकमेला एका दिवसाच्या पगाराने भागून पाहण्याची सवय फार उपयोगी पडते. मार्चच्या ३१ दिवसांनी भागले तर दिवसाला साधारण १,३५५ रुपये पडतात. काही ठिकाणी महिना सरसकट ३० दिवसांचा धरतात, त्या हिशेबाने १,४००. यांतला कुठलाही आकडा ३,००० मध्ये पूर्ण बसत नाही. पण ४२,००० ला २८ ने भागले की बरोबर १,५०० येतात, म्हणजे दोन दिवसांचे ३,०००. अठ्ठावीस दिवसांचा महिना फेब्रुवारी. कपात मार्चच्या स्लिपवर असली तरी हिशेब फेब्रुवारीच्या दोन दिवसांचा असावा, असा तर्क इथे करता येतो.

यामागे पेरोलची रीत आहे. पगार महिनाअखेरीस द्यायचा असल्याने हजेरी त्याआधीच काही दिवस बंद करतात. याला कटऑफ म्हणतात. समजा कटऑफ २२ तारखेचा आहे. त्यानंतरचे दिवस हजर धरून पगार निघतो आणि चुकलेला हिशेब पुढच्या महिन्यात वळता केला जातो. या बाई २४ आणि २५ फेब्रुवारीला रजेवर होत्या. खात्यात नऊ अर्जित रजा शिल्लक होत्या, पण साहेबांनी अर्ज मंजूर केला ४ मार्चला. तोवर सिस्टिमने ते दिवस बिनपगारी धरले असणार.

तरीही हा तर्कच आहे, आणि मेलमध्ये तो तर्क म्हणूनच यायला हवा. ‘तुम्ही माझी रजा चुकीची धरली’ असे लिहिले आणि कपात निघाली भलत्याच कारणाची, तर एक फेरी वाया जाते. मेल अशी लिहिता येईल:

विषय: मार्च २०२५ सॅलरी स्लिप, ‘अदर डिडक्शन’ ३,००० रु., कर्मचारी क्र. ____

नमस्कार,
माझ्या मार्चच्या स्लिपमध्ये ‘अदर डिडक्शन’ या नावाखाली ३,००० रुपये कापलेले आहेत. फेब्रुवारीच्या स्लिपमध्ये ही ओळ नव्हती. ही कपात कशाची आहे आणि रक्कम कशी काढली, ते कृपया कळवावे. २४ व २५ फेब्रुवारीच्या रजेची असल्यास, ती अर्जित रजा ४ मार्चला मंजूर झाली आहे. मंजुरीची प्रत जोडली आहे. एप्रिलच्या कटऑफपूर्वी उत्तर मिळाल्यास बरे होईल.

यात महिना, ओळीचे नाव, रक्कम आणि कर्मचारी क्रमांक आहे. मेल उघडणाऱ्याला लगेच नोंद शोधता येते. ‘कशाची’ आणि ‘कशी काढली’ हे दोन प्रश्न मुद्दाम वेगळे ठेवले आहेत, कारण पहिल्याला ‘रजेची’ असे एका शब्दात उत्तर मिळते आणि दिवस किती धरले हे गुलदस्त्यातच राहते. मुदतही मनाने घातलेली नाही; कटऑफ उलटला की दुरुस्ती आपोआप एक महिना पुढे जाते. पॅन किंवा बँक खात्याचा क्रमांक लिहायची गरज नसते, आणि अशी विचारणा ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर मुळीच करू नये. ती पेरोलच्या अधिकृत मेलवर किंवा तक्रार नोंदवण्याच्या पोर्टलवर करावी, म्हणजे तारखेसह नोंद राहते.

‘पॉलिसीप्रमाणे कापले आहे’ हे उत्तर वरचेवर येते. ते उत्तर नव्हे. त्याच मेलवर, त्याच सुरात, कोणत्या नियमाप्रमाणे आणि कोणत्या तारखांसाठी, एवढेच पुन्हा विचारावे. हप्ता असल्याचे सांगितले तर बाकी किती उरली तेही विचारून घ्यावे.

चूक मान्य झाली तरी काम संपत नाही. या उदाहरणात एप्रिलच्या स्लिपवर ३,००० रुपये थकबाकी म्हणून जमा व्हायला हवेत आणि रजेची शिल्लक नवावरून सातवर यायला हवी. पैसे आले पण शिल्लक नऊच राहिली, तर दुरुस्ती अर्धीच झाली आहे, आणि पुढे कधीतरी हिशेब तपासताना तेच ३,००० पुन्हा कापले जाऊ शकतात.

उत्तरच मिळाले नाही, किंवा कपात दंडाची अथवा नुकसानभरपाईची निघाली, तर प्रश्न कायद्याकडे जातो. १९३६ च्या वेतन कायद्याचे संरक्षण शेवटी महिना २४,००० रुपयांपर्यंतच्या पगाराला होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत ही मर्यादा नाही. कायद्यात दिलेल्या कारणांखेरीज पगारातून काही कापता येत नाही आणि एकूण कपात वेतनाच्या निम्म्यावर जाऊ शकत नाही. दंड वेतनाच्या तीन टक्क्यांपर्यंतच, आणि तोही कर्मचाऱ्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावरच, लावता येतो. संहितेखाली दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. तिथे गेल्यावर पहिली मेल कधी पाठवली आणि तिला काय उत्तर आले, हेच कागद कामाला येतात.