सालांवरून दशकांच्या खुणा

मराठी चित्रपटांच्या कालरेषेसाठी १९३२ (अयोध्येचा राजा), १९३६ (संत तुकाराम), १९५३ (श्यामची आई), १९७२ (पिंजरा), २००४ (श्वास) आणि २०१६ (सैराट) ही साले घेतली, तर दशक काढण्यासाठी प्रत्येक सालाला १० ने भागून अपूर्णांक सोडायचा आणि उरलेल्या पूर्णांकाला पुन्हा १० ने गुणायचे. स्प्रेडशीटमध्ये साल A2 या चौकटीत असेल तर सूत्र असे:

```
=INT(A2/10)*10
```

१९३२ आणि १९३६ या दोन्हींचे उत्तर १९३० येते. INT ऐवजी ROUND वापरले तर १९३६ पुढच्या, म्हणजे १९४० च्या दशकात जाऊन पडते. आलेख वरवर ठीकच दिसतो, त्यामुळे ही चूक सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही.

खरी अडचण रिकाम्या दशकांची आहे. या यादीत १९४०, १९६०, १९८० आणि १९९० ची दशके नाहीत. यादीतून निघालेली दशकेच अक्षावर मांडली तर १९७० शेजारी थेट २००० येते आणि तीस वर्षांचे अंतर एका घराएवढे होते. म्हणून सर्वांत लहान आणि सर्वांत मोठे दशक घेऊन मधल्या सगळ्या खुणा दहा-दहाच्या टप्प्याने आखाव्यात. इथे १९३० ते २०१० अशा नऊ खुणा होतात, काही रिकाम्या राहिल्या तरी चालते.

‘१९३०चे दशक’ ही अक्षरे दहा वर्षांच्या पट्ट्याच्या मध्यावर लिहावीत. १९३० च्या रेघेखाली लिहिली तर ती एकाच वर्षाची वाटतात.