सुताचें वजन आणि तीन रेषा

वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट हें गांव कापसाच्या बाजारपेठेकरितां व सुताच्या गिरण्यांकरितां फार दिवसांपासून प्रसिद्ध आहे. अशा गिरणींत वीस नंबरी सूत निघत आहे असें समजूं. त्या सुताच्या १२० वारांच्या लडीचें वजन हिशेबानें ३.२४ ग्रॅम भरावयास पाहिजे. परंतु काटा कोणत्याहि दोन लडींना सहसा अगदीं सारखें वजन दाखवीत नाहीं. मग यांतला कोणता फरक स्वाभाविक, आणि कोणता कांहीं बिघडल्याची खूण?

या प्रश्नाचें उत्तर १९२४ सालीं अमेरिकेंतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या डॉ. वॉल्टर शूहार्ट यांनीं एका साध्या आलेखानें दिलें. पुढें १९४७-४८ च्या हिवाळ्यांत प्रा. महालनोबीस यांच्या निमंत्रणावरून ते हिंदुस्थानांतहि येऊन गेले. त्यांची रीत अशी: काम सुरळीत चाललें असतां प्रत्येक पाळीस चार कांड्या घ्यावयाच्या, प्रत्येकीची एक लड तोलावयाची, आणि चौघींची सरासरी कागदावर ठिपक्यानें मांडावयाची. अशा वीसपंचवीस पाळ्यांची एकंदर सरासरी ३.२४ आली, तर ती मध्यरेषा. शिवाय प्रत्येक चौकडींतील सर्वांत जड व सर्वांत हलक्या लडींमधील अंतर पहावयाचें. त्या अंतरांची सरासरी समजा ०.१२३ ग्रॅम निघाली. चारचार लडी घेतल्या असतां तिला ०.७३ नें गुणावें लागतें. गुणाकार सुमारें ०.०९ येतो. म्हणून वरची मर्यादा ३.३३ आणि खालची ३.१५.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. या मर्यादा गिऱ्हाइकानें घालून दिलेल्या नाहींत; यंत्रानें स्वतःच्या चालीनें त्या सांगितल्या आहेत. मर्यादांमधील ठिपका किंचित् वरखालीं झाला म्हणून लगेच यंत्रास हात लावला, तर सूत सुधारण्याऐवजीं अधिकच कमीजास्त होतें. उलट, एखादा ठिपका मर्यादेबाहेर पडला, तर कारण शोधलेंच पाहिजे. कारण सुरळीत कामांत असें हजारांतून सुमारें तीन वेळांच घडतें.

पण हळूहळू होणारा बिघाड मर्यादेबाहेर जाण्याची वाट पहात नाहीं. पुढील सरासऱ्या पहा: ३.२५, ३.२२, ३.२६, ३.२३, ३.२४, आणि त्यानंतर ३.२३, ३.२२, ३.२३, ३.२१, ३.२२, ३.२०, ३.१९, ३.१८. यांतील एकहि ठिपका मर्यादेबाहेर नाहीं. तरी शेवटचे आठहि मध्यरेषेच्या खालीं आहेत. नाणें उडवून सलग आठ वेळां छाप पडणें जितकें दुर्मिळ, म्हणजे २५६ त एकदां, तितकेंच हें. सलग सहा ठिपके एकसारखे चढत वा उतरत गेले, तर तीहि अशीच खूण समजतात.

आतां आलेख ‘केव्हां’ तें सांगतो. ‘कां’ तें सांगत नाहीं. वजन घटलें, तेव्हां सूत बारीक होत आहे असें मानून जॉबरानें खेचेचें दांतेरी चाक बदललें, तर कदाचित् चांगल्या सुताची नासाडी होईल. वर्ध्याकडील वैशाखाची हवा अत्यंत कोरडी असते. ठरलेल्या प्रमाणाप्रमाणें १०० भाग कोरड्या कापसांत ८.५ भाग पाणी धरतात. तोलण्याच्या खोलींतील ओलावा कमी पडून तें ६.५ भागांवर आलें, तर ३.२४ ग्रॅमची लड ३.१८ च भरते. आणि वरील शेवटचा ठिपका नेमका तेवढाच आहे! धागा मात्र पूर्वीइतकाच जाड असतो.

म्हणून आधीं त्याच लडी शेंकडा ६५ आर्द्रतेच्या हवेंत पुरेसा वेळ ठेवून पुन्हां तोलाव्या. वजन ३.२४ च्या आसपास परत आलें, तर दोष सुतांत नसून हवेंत आहे, व उपाय खोलींतील ओलाव्याचा. वजन तसेंच उणें राहिलें, तर मात्र पेळूचें वजन तपासावें आणि रुळांकडे वळावें. अशा वेळीं चाक जसेंच्या तसें ठेवलें, तर तें बारीक सूत मागांवर जाऊन कापडांत पट्टे उमटतात.

शेवटीं एक विपरीत खूण. सगळे ठिपके मध्यरेषेस अगदीं चिकटून राहूं लागले, तर आनंद मानूं नये. चार कांड्या दरवेळीं चार निराळ्या यंत्रांवरून घेतल्या असल्या, तर यंत्रायंत्रांतील फरक चौकडींतल्या अंतरांत शिरतो, मर्यादा फाजील रुंद होतात, आणि खरा बिघाड त्यांच्या आड लपून राहतो. तेव्हां प्रत्येक यंत्राचा आलेख निराळा ठेवावा, आणि मर्यादा नव्यानें काढाव्या.